फरशीवरची पांढरी भुकटी

मला राग पटकन येतो आणि आला की हाताशी काय आहे ते मी बघत नाही. लहानपणी खोरं असायचं, नाहीतर पाण्याचा तांब्या. त्या वर्षी हाताशी फोन होता आणि मला चांगलं इंग्रजी लिहिता येत होतं. तांब्या फेकला असता तर परवडलं असतं.

कोळवण खोऱ्यातलं आमचं घर. खाली भाताची खाचरं, वर फार्महाऊसं. त्यातलं एक आमच्याच विकलेल्या तुकड्यावर उभं आहे आणि माझे वडील, आबा, शेवटची सहा वर्षं तिथं राखणीला होते. विकल्या जमिनीवर राखणीला जाताना त्यांना काय वाटायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. राहिलेल्या दोन खाचरांत ते इंद्रायणी लावायचे. मी एका वर्षाच्या कोर्सला इंग्लंडला निघाले तेव्हा त्यातलाच पाच किलो तांदूळ त्यांनी कापडी पिशवीत भरून दिला. पिशवीचं तोंड सुई-दोऱ्यानं शिवलेलं, टाके एवढे जवळजवळ की उघडताना मला कात्री लागली.

तिथं मी एका खाजगी कंपनीच्या विद्यार्थी वसतिगृहात राहत होते. पाच जणांना पाच खोल्या आणि मध्ये एक सामायिक स्वयंपाकघर. शेजारच्या खोलीत साताऱ्याकडची एक मुलगी होती. तिचा कोर्स दोन वर्षांचा. आम्ही दोघी एका पातेल्यात भात लावायचो, आबांचा तांदूळ फक्त रविवारी. आबांचा व्हिडिओ कॉल आला की तीही मागून डोकावायची आणि आबा म्हणायचे, "काय पाहुणं, भात लागतोय का गोड?" ती म्हणायची, "आबा, तुमचा तांदूळ संपला की मी परत साताऱ्याला." त्यावर ते इतके हसायचे की फोन हलायचा आणि आम्हाला नुसतं छत दिसायचं.

ऑगस्टच्या मध्याला आबांना अर्धांगाचा झटका आला. पुण्यात दवाखान्यात नेलं होतं. मी त्याच दिवशी तिकीट काढलं, एक पाठीवरची पिशवी भरली, कंपनीच्या ऑफिसला दोन ओळींची मेल टाकली की मी खोली सोडून जात आहे, आणि किल्ली मैत्रिणीच्या हातात दिली. माझा करार महिनाअखेरपर्यंत होता. "तू जा. खोली मी आवरते, झाडून-पुसून शेवटच्या दिवशी किल्ली देते," ती म्हणाली. मी तिला नीट मिठीसुद्धा मारली नाही. टॅक्सी खाली थांबली होती.

मी विमानात असतानाच आबा गेले. मुंबईत उतरून फोन चालू केला तेव्हा चुलत्यांचा मेसेज होता. पाऊस धोधो होता, ओढ्याला पाणी चढत होतं आणि वडीलधाऱ्यांनी ठरवलं की अंत्यविधी थांबवायचा नाही. मी घरी पोचले तेव्हा अंगणात ओल्या गवऱ्यांचा वास होता आणि आई भिंतीला टेकून बसली होती. मला तोंड दिसलं नाही. तेव्हा मी कुणाशी बोलले असेन तर त्या मैत्रिणीशी. फोन लावून नुसती रडले. "तोंडपण दिसलं नाही गं," एवढंच म्हणत होते. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

आमच्याकडे माणूस गेला की घरात दहा दिवस दिवा ठेवतात, वात दक्षिणेकडं करून. दिव्याखाली तांदळाचं पीठ पसरतात आणि वर वेताची पाटी पालथी घालतात. दहाव्याला पाटी उचलून बघतात, पिठावर काय उमटलंय. पाखराचं पाऊल दिसलं तर माणूस पाखराच्या जन्माला गेला, मुंगीची रांग दिसली तर मुंगीच्या. मी जंतुशास्त्र शिकलेली बाई. मला हे खरं वाटत नाही, पण त्या सकाळी मीसुद्धा वाकून बघत होते. पीठ दमट हवेनं गोळा झालं होतं. काहीच उमटलं नव्हतं. एक म्हातारी आत्या म्हणाली, "काईच न्हाई. जीव हितंच घुटमळतोय म्हनायचा." मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. आईनं ते ऐकलं आणि मनात धरलं. त्या दिवसापासून तिचं खाणं गेलं. अर्धी भाकरी मोडायची, तिचेही दोन तुकडे ताटात ठेवून उठायची. रोज संध्याकाळी ती उंबऱ्यात बसून बाहेर बघायची आणि विचारायची, "कुटं आसंल गं?"

तेरावं झालं. मग एके दुपारी मी कोळवणच्या एसटी थांब्यावर गेले, कारण नीट रेंज तिथंच येते, आणि तुंबलेल्या मेल उघडल्या. कंपनीची मेल होती. तुमच्या अडीचशे पौंड अनामत रकमेतून दोनशे पंधरा पौंड वजा करण्याचा प्रस्ताव आहे. कारण: स्वच्छता व दुरुस्ती. बास. एक ओळ. मान्य असेल तर इथे दाबा.

मी दाबलं नाही. माझं डोकं फिरलं होतं. त्या अनामतीचे पैसे आबांनी राखणीच्या पगारातून दिले होते, आणि मी त्यांना वचन दिलं होतं की हे पैसे परत येतात, हे खर्चातले नाहीत. "बग हां," ते म्हणाले होते, "परत येत्यात मंजी आनायचं." फार्महाऊसवर पाहुणे येऊन गेले की मालक त्यांना विचारायचा, काय मोडलं, काय डागाळलं, किती कापू? आबा सतरंजीवरचा डाग बोटानं खरवडून बघायचे आणि म्हणायचे, "घासून निगतंय की. कापू नगा." आणि त्यांच्याच पोरीचे दोनशे पंधरा! कोणत्या घाणीचे?

तिथूनच मैत्रिणीला फोन लावला.

"तू खोली झाडली होतीस ना?"

जरा वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "म्हणजे... झाडणार होते गं. ते आधीच येऊन गेले."

"झाडणार होते म्हणजे? दहा-बारा दिवस होते तुझ्याकडं!"

"किती कापलेत?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मी देते तुला. हळूहळू देते. जाऊ दे ना, नको त्यांच्या नादाला लागूस."

झालं! माझा संशय पक्का. मी देते म्हणणारं माणूस काहीतरी लपवत असतं, असं मला वाटलं. वापरली असेल खोली. कुणाला राहायला दिली असेल, पार्टी केली असेल. माझ्या बापाच्या दहा दिवसांत! मी फोन ठेवून दिला, आणि एसटी आली तरी चढले नाही.

विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत राहण्या-भाड्याच्या तक्रारींसाठी एक सल्लागार बाई होत्या. त्यांची वेळ घेतली. दोन दिवसांनी घराच्या पत्र्याखाली, थोडी रेंज मिळते त्या कोपऱ्यात, उलट्या टोपलीवर फोन ठेवून, त्यांच्याशी बोलले. बाई फार सरळ होत्या. म्हणाल्या, तुमचे पैसे कंपनीच्या खिशात नाहीत, ते अनामत सांभाळणाऱ्या तिसऱ्या संस्थेकडे आहेत. तुमची हरकत असेल तर कंपनीला ते परस्पर घेता येत नाहीत. सिद्ध त्यांनी करायचं आहे, तुम्ही नाही. त्यांना लेखी चार गोष्टी मागा: प्रत्येक कपातीची वेगळी ओळ आणि रक्कम, तुम्ही आलात तेव्हाची खोलीची नोंद, तुम्ही गेल्यानंतरचा तपासणी अहवाल तारखेच्या फोटोंसह, आणि साफसफाईचं प्रत्यक्ष बिल. खोली मिळाली तेवढी स्वच्छ परत करणं हे तुमचं काम, त्याहून चकचकीत नाही. वापरानं जी झीज होते तिचे पैसे कापता येत नाहीत. पटलं नाही तर ती तिसरी संस्था कागद बघून निवाडा देते, फुकट.

आणि शेवटी त्या म्हणाल्या, "फक्त प्रश्न विचारा. कुणावर आरोप करू नका. दुसऱ्या कुणाचा उल्लेख तर नकोच."

मी हो म्हणाले. पत्र झकास झालं. चार प्रश्न, चार परिच्छेद, एकही शब्द वावगा नाही. पाठवण्याआधी मी ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला ती फोनवरची शांतता आठवली. मी खाली आणखी एक वाक्य टाकलं. अमुक तारखेपासून किल्ली माझ्या शेजारच्या खोलीतील रहिवासी मुलीकडे होती. त्यानंतर खोलीची जी अवस्था झाली तिचा जाब कृपया तिला विचारावा. तिच्या खोलीचा नंबरही लिहिला. चार प्रश्न बाईंचे होते, पाचवं वाक्य माझं.

आई चुलीपाशी बसली होती. तिनं विचारलं, "झालं का लिवून?"

"झालं. चांगलं फैलावर घेतलंय."

"कुनाला?"

"कंपनीला," मी म्हणाले.

आठवड्यानं उत्तर आलं. त्या दिवशी मी पौडला गेले होते, आबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी. तहसीलच्या आवारात एका बाकावर बसून फाईल उघडली. सुरुवातीला हिशेब होता, अगदी मागितला तसा.

खोलीची सखोल स्वच्छता, नव्वद पौंड. भिंतीवरची काजळी काढून रंग, साठ. स्वयंपाकघर आणि ओव्हन, चाळीस. गादीचं आच्छादन बदलणं, पंचवीस. खाली तपासणी अहवाल, आणि त्यात खोलीच्या रकान्यात हे: फरशीवर पांढरी भुकटी, ओळख पटलेली नाही, अंदाजे एक चौरस मीटर. खिडकीच्या कट्ट्यावर तेल व काजळी. उघड्या ज्योतीच्या वापराचा पुरावा.

पांढरी भुकटी! मी तर हबकलेच. माझ्या खोलीत कसली भुकटी? मनात नको ते आलं. पोलिसांना कळवलं असेल का, डिग्री अडकवतील का, तिनं मला कशात गुंतवलं? मी फोटोवर दाबलं.

माझी खोली. उघडी गादी, रिकामं टेबल. खिडकीखाली फरशीवर पीठ पसरलेलं, हातानं सारखं केलेलं, बोटांच्या रेघा दिसत होत्या. वर खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलची वाटी, आमच्या स्वयंपाकघरातली, माझ्याच मालकीची. तिच्यात तेल आणि विझलेली वात. वातीचं टोक खिडकीच्या डाव्या कोपऱ्याकडं होतं. त्या खोलीत मी वर्षभर राहिले होते. ऊन कुठून येतं ते मला ठाऊक होतं. ती दक्षिण होती.

आणि पिठाच्या मधोमध एक बूट उमटला होता. तपासायला आलेल्या माणसाचा असणार. तळव्याच्या नक्षीसकट, टाच जरा जास्त दाबलेली.

शेजारी एक म्हातारा सातबाऱ्याचा कागद घेऊन बसला होता. तो म्हणाला, "काय झालं बाय? पानी दिऊ का?" मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, आठवत नाही. त्यानं बाटली दिली आणि मी ती संपवली.

मैत्रिणीला फोन लावला. ती कामावर होती, एका दुकानाच्या मागच्या खोलीत. बोलायला लागली तेव्हा आवाज एकदम कोरडा.

"बघितलास फोटो?"

"तू दिवा लावला होतास."

"आमच्याकडं लावतात. तू म्हणालीस ना तोंड दिसलं नाही. मला वाटलं, इथं तुझी खोली मोकळी आहे, दहा दिवस कुणीतरी लावावा. रोज सकाळ-संध्याकाळ लावायचे, जवळ बसून. संपला की उठायचे. एकटा सोडला नाही कधी."

"आणि पीठ?"

"आबांचाच तांदूळ होता, दोन वाट्या राहिलेला. धुऊन वाळवला आणि मिक्सरला काढला." ती थांबली. "दहाव्याला बघून पुसणार होते. कामावरून आले तर दाराला दुसरं कुलूप. तू मेल टाकलेली ना त्यांना, मी सोडून गेले म्हणून. ते आधीच आले. तुला नोटीस पाठवली होती म्हणे."

पाठवली होती. नंतर मी शोधली, तुंबलेल्या मेलमध्ये होती. उद्या तपासणीसाठी येत आहोत. दहाव्याच्या आदल्या दिवशीची.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच. आवारातली माणसं बघायला लागली.

"काय सांगू? तुझ्या आबांचं पीठ कुणीतरी बुटानं तुडवलं, हे सांगू?"

मग तीच म्हणाली, "तुझं पत्र त्यांनी मला दाखवलं. शेवटचं वाक्य पिवळं करून."

त्या फाईलच्या शेवटच्या पानावर ते होतं, मी तिथपर्यंत गेलेच नव्हते. खोलीत आपण ज्यांना प्रवेश दिला त्यांच्या वर्तनाची जबाबदारी करार संपेपर्यंत आपलीच आहे, त्यामुळे कपात आपल्याच अनामतीतून राहील. मात्र आपण दिलेल्या माहितीबद्दल आभारी आहोत. उघड्या ज्योतीबाबत संबंधित रहिवाशासोबत स्वतंत्रपणे कार्यवाही केली आहे.

कार्यवाही म्हणजे एवढीच, की तिला दुसऱ्या वर्षाचा करार द्यायचा नाही असं ठरलं. तोवर ती महिनाभराच्या मुदतवाढीवर राहत होती आणि नवा करार सहीला यायचा होता. माझी मेल जाईपर्यंत त्यांना भुकटी कुणाची हे ठाऊक नव्हतं. मी नंबरासकट सांगितलं होतं. त्यांनी तिला दंड केला नाही, बाहेर काढलं नाही. सगळं नियमात बसवून, नुसतं नाही म्हणाले. सप्टेंबरच्या शेवटी, जेव्हा त्या शहरात एक खोली मोकळी नसते.

मी मग धावाधाव केली, उशिराची. कंपनीला खोटं लिहिलं, की दिवा मीच लावायला सांगितला होता, हा आमच्या धर्माचा भाग आहे, तिचा दोष नाही. दोन ओळींचं उत्तर आलं. आपलं म्हणणं नोंदवलं आहे. कराराचं नूतनीकरण हा अनामतीच्या वादाचा विषय नाही. सल्लागार बाईंना फोन केला. त्यांनी ते पाचवं वाक्य वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे तुम्ही का लिहिलंत?" मला राग आला होता, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, नव्या कराराच्या बाबतीत मी कंपनीला भाग पाडू शकत नाही. विनंतीचं पत्र त्यांनी लिहिलं, कुणी उत्तर दिलं नाही.

अनामतीचं मात्र जमत गेलं. याचीच मला जास्त चीड येते. बाईंनी एकेक ओळ माझ्याबरोबर सोडवली. स्वयंपाकघराचं बिल मागितलं तर ते पाच जणांचं मिळून साठ पौंडांचं निघालं, म्हणजे माझे बारा; कंपनीनं प्रत्येकाला चाळीस लावले होते. गादीच्या आच्छादनावरचा डाग मी आले तेव्हाच्या नोंदीत त्यांच्याच हातानं लिहिलेला होता. भिंतीचा रंग आधीच जुना, जागोजाग खरवडलेला. हातभर काजळीसाठी अख्ख्या भिंतीचा नवा रंग माझ्याकडून कसा घेणार? नव्वद पौंडांना तर बिलच नव्हतं. किती वेळ लागला विचारलं तर उत्तर आलं, दीड तास.

दीड तास. मी आईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, ओल्या फडक्याचे दोन हात.

प्रकरण निवाड्याला जाऊ नये म्हणून कंपनीनं तडजोड पाठवली. स्वयंपाकघर बारा, आच्छादन शून्य, भिंत वीस, खोली पस्तीस. एकशे त्र्याऐंशी परत. बाई म्हणाल्या, खोलीच्या पस्तीसलाही हरकत घेता येईल. मी नको म्हटलं. पीठ खरंच होतं. ते आमचंच होतं.

पैसे आले त्या दिवशी मी सगळेच्या सगळे मैत्रिणीच्या खात्यावर पाठवले. आबांना दिलेलं वचन मोडलं, पण त्यांनीही हेच केलं असतं असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते परत आले. एक पौंड कमी नाही. सोबत मेसेज होता, तिचा शेवटचा. तिला शहराबाहेर, बसनं तासाभरावर, एका घराच्या बैठकीत पडदा लावून जागा मिळाली होती, तीन अनोळखी माणसांबरोबर. वर्गाला पोचायला पहाटेची बस पकडावी लागते. रडगाणं गायलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. खाली लिहिलं होतं, "तू मला त्या दिवशी नीट विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू मला नीट विचारायच्या आधी त्यांना विचारलंस."

मी उत्तर लिहीत बसले. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. कंपनीला पत्र लिहिताना एकदाही अडले नव्हते.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ती अजून अर्ध्या भाकरीवरच होती. गालफडं बसली होती. आत्या येऊन-जाऊन तेच बोलायची आणि आई तेच धरून बसायची. भात पोटरीला आला होता, पण तो बघायलाही ती बांधावर जात नव्हती. एका सकाळी ती विहिरीपाशी चक्कर येऊन पडली. मी तिला घरात आणलं, गूळ-पाणी दिलं आणि मग मलाच राहवेना.

"आई, तिकडं पण दिवा लावला होता आबांचा," मी म्हणाले. "दहा दिवस. पीठही घातलं होतं, आपल्याच तांदळाचं."

"कुनी?"

"ती. साताऱ्याची."

आई उठून बसली. "दाव."

मी फोटो उघडला. वर कोपऱ्यात तारीख, खाली कंपनीचं नाव, पुरावा क्रमांक तीन. तिनं फोन दोन्ही हातांत धरला, कणीक धरतात तसा. आधी वाटी बघितली. "वात कंच्या तोंडाला?"

"दक्षिणेला."

"जानती हाय पोर." मग तिची बोटं खाली सरकली. चित्र मोठं कसं करायचं ते तिला आबांनी शिकवलं होतं. तिनं ते मोठं केलं, आणखी मोठं केलं. मी मनात म्हटलं, आता हिला सांगावं लागणार, की तुझ्या नवऱ्याच्या पिठावरून एक माणूस चालत गेला आणि त्याचे पस्तीस पौंड आपण भरले.

"आई, ते त्या तपासायला आलेल्या..."

"बूट हाय. आंधळी न्हाई मी," ती म्हणाली. "पर माणसाचंच पाऊल हाय न्हवं?"

मी हो म्हटलं.

"हितं काय उमटलं न्हाई. तितं उमटलं." तिनं फोन मांडीवर ठेवला आणि त्यावर तळवा ठेवला. "तुला बगायला गेलं आसत्याल. तू हितं, ते तितं. चुकामूक झाली बग." आणि मग ती रडली. दहाव्याला रडली नव्हती, तेराव्याला नाही. आत्या परड्यातून धावत आली तर आईनं तिला हातानंच बाहेर घालवलं.

रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "भूक लागली." मी भात लावला. तिनं ताट निपटून खाल्लं, वर आणखी मागितला. मी समोर बसून बघत होते. ज्या पत्रानं हा फोटो माझ्या हातात आणला, त्याच पत्रानं तिकडं एका पोरीची खोली गेली होती, आणि मला आईकडं बघून बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची मला शरम वाटली.

"त्या पोरीला सांग," आई म्हणाली. "म्हनावं, माणसाचं पाऊल उमटलं. तुज्यामुळं कळलं. दिवाळीला हिकडंच ये म्हनावं, नवा तांदूळ हाय."

"सांगते," मी म्हणाले.

त्यानंतर आई दर दोन-चार दिवसांनी विचारते, सांगितलंस का, काय म्हणाली. मी म्हणते, कामात असते गं ती, वेळ मिळाला की बोलेल. तिनं माझा नंबर बंद करून टाकलाय, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.